बेंचवरील मुलाने राजीनामा द्यावा का?

प्रश्न : माझा मुलगा 31 वर्षांचा असून हिंजवडीतील एका मोठ्या आयटी कंपनीत टेस्टिंगचे काम करतो. तेथे त्याला साडेचार वर्षे झाली. प्रोजेक्ट संपल्यामुळे सहा आठवड्यांपासून तो बेंचवर, म्हणजे नवे काम मिळण्याची वाट पाहत पगारावर, आहे आणि एचआरने तोंडी सुचवले आहे की, काढून टाकण्यापेक्षा स्वतः राजीनामा दिलेला बरा. हातात 92 हजार पगार येतो, घरकर्जाचा हप्ता 31 हजार आहे. त्याची बचत 2 लाख 40 हजार आहे. माझ्या निवृत्तीच्या पैशांतून 5 लाख कर्जात भरून त्याचे ओझे कमी करावे, असे मला वाटते. आम्ही दोघे त्याच्याच कंपनीच्या आरोग्य विम्यात आहोत, पत्नीला मधुमेह आहे. त्याने डाग लागण्यापूर्वी बाहेर पडावे का? एमबीए करावे का? – एक वडील, सांगली

उत्तर : आपली काळजी निराधार नाही. जुलै 2025 मध्ये टीसीएसने सुमारे 2 टक्के, म्हणजे जवळपास 12 हजार कर्मचारी कमी करण्याचे जाहीर केले, आणि त्याच सुमारास तेथे वर्षभरात 35 कामाच्या दिवसांपेक्षा अधिक काळ बेंचवर राहता येणार नाही असा नियम आल्याच्या बातम्या होत्या. कंपनी किती माणसे कमी करणार, हे आपल्या मुलाच्या हातात नाही. राजीनाम्याच्या कागदावर सही कधी करायची, हे मात्र पूर्णपणे त्याच्या हातात आहे, आणि आज त्याने ती करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

याचे पहिले कारण ग्रॅच्युइटी हे आहे. ती मिळण्यासाठी साधारणपणे सलग पाच वर्षांची सेवा लागते, मग माणूस राजीनामा देऊन जावो किंवा त्याला काढले जावो. काही उच्च न्यायालयांनी पाचव्या वर्षात 240 दिवस भरले असतील, तर तेही पुरेसे मानले आहे. त्याचे मूळ वेतन 48 हजार आहे असे धरले, तर मूळ वेतन गुणिले 15 भागिले 26 या सूत्राने एका वर्षाचे सुमारे 27,700 आणि पाच वर्षांचे सुमारे 1 लाख 38 हजार रुपये होतात. साडेचार वर्षांवर तत्काळ बाहेर पडला, तर यातले काहीच हाती येणार नाही. त्याच्या नेमणूकपत्रात 90 दिवसांची नोटीस असेल आणि तो ते 90 दिवस नोकरीत राहिला, तर हे दिवस सेवेतच धरले जातात आणि 240 दिवसांचा टप्पा ओलांडला जातो. म्हणूनच ‘नोटिशीचे पैसे देतो, आजच मोकळे व्हा’ हा प्रस्ताव वरून उदार दिसला, तरी त्याच्या बाबतीत तोट्याचा ठरू शकतो. त्याने रोख रकमेऐवजी शेवटची तारीख पुढे मागावी.

दुसरे कारण कायद्यातले आहे. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेनुसार, किमान एक वर्ष सेवा झालेल्या कामगाराची कपात करताना एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार आणि पूर्ण झालेल्या प्रत्येक वर्षासाठी 15 दिवसांचे सरासरी वेतन द्यावे लागते. स्वेच्छेने राजीनामा देणाऱ्याला हे संरक्षण मिळत नाही, आणि एचआर राजीनामा सुचवते त्यामागे हेही एक कारण असते. आयटी अभियंता कायद्याच्या व्याख्येत ‘कामगार’ ठरतो की नाही, हे त्याच्या पदनामावर नव्हे, तर तो प्रत्यक्ष करत असलेल्या कामावर ठरते. व्यवस्थापकीय काम करणारे त्यातून वगळले जातात. आपला मुलगा स्वतः टेस्टिंग करत असेल आणि हाताखालच्या माणसांच्या रजा व मूल्यमापन पाहत नसेल, तर त्याची बाजू भक्कम आहे. तरीही सही करण्यापूर्वी पुण्यातील एखाद्या कामगार कायद्याच्या वकिलाचा सल्ला घ्यावा.

पुढच्या बैठकीत त्याने वाद घालू नये. ‘आपले म्हणणे कृपया ईमेलवर कळवावे, मी विचार करून उत्तर देतो,’ एवढेच बोलावे आणि बैठकीनंतर काय बोलणे झाले ते स्वतःच्या शब्दांत एचआरला ईमेलने पाठवावे. ‘आत्ताच सही करा, नाहीतर अनुभवपत्र मिळणार नाही’ अशी घाई होऊ लागली, तर तो दबाव आहे हे ओळखावे. नेमणूकपत्र, पगारपत्रके, फॉर्म 16 आणि मूल्यमापनाचे निकाल यांच्या प्रती त्याने आजच घरी ठेवाव्यात. क्लायंटचा कोड किंवा कागदपत्रे मात्र चुकूनही बाहेर नेऊ नयेत, कारण तेवढ्यावरून शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते आणि मग वरचे सारे मुद्दे दुबळे होतात.

आता बेंचविषयी. बेंचवरचा माणूस एचआरच्या मर्जीने क्वचितच परत कामाला लागतो. ज्या प्रोजेक्ट मॅनेजरला माणूस हवा असतो, तोच मुलाखत घेऊन त्याला निवडतो. त्यामुळे अंतर्गत पोर्टलवर नुसते नाव ठेवून वाट पाहणे उपयोगाचे नाही. त्याने आपला प्रोफाइल नव्याने लिहावा, उघड्या जागा रोज पाहाव्यात आणि संबंधित मॅनेजरला थेट संदेश पाठवावा. अर्ज, मुलाखत आणि नकार यांची तारखेनुसार नोंदही ठेवावी. बेंगळुरू किंवा चेन्नईची जागा आली, तर घर पुण्यात आहे म्हणून लगेच नाही म्हणू नये, कारण नाकारलेली जागा पुढे त्याच्याविरुद्ध नोंद म्हणून दाखवली जाते. त्याचे काम फक्त मॅन्युअल टेस्टिंगचे असेल, तर सर्वांत जवळची पायरी ऑटोमेशनची, म्हणजे चाचण्या प्रोग्राम लिहून आपोआप चालवण्याची, आहे : सेलेनियम, त्याला लागेल एवढी जावा आणि एपीआय टेस्टिंग. बेंचवरच्या मोकळ्या वेळात जुन्याच प्रोजेक्टसारख्या चाचण्या ऑटोमेशनने करून दाखवता आल्या, तर मुलाखतीत बोलायला ठोस काही असते. बाहेरचे अर्जही आतापासूनच सुरू करावेत. नोकरीत असताना पगाराची बोलणी नेहमी वरच्या पातळीवरून सुरू होतात.

एमबीए या वर्षी नको. पगार थांबलेला असताना दोन वर्षांची फी आणि हप्ता एकत्र पेलणार नाहीत.

आपले 5 लाख कर्जात भरू नयेत, हे मी आग्रहाने सांगतो. अंशतः परतफेड केल्यावर बँक बहुधा हप्ता तोच ठेवते आणि मुदत कमी करते; म्हणजे पुढच्या महिन्याचे 31 हजार तसेच द्यावे लागतात, फक्त हाताशी असलेले पैसे संपलेले असतात. घरखर्च 35 हजार धरला, तर हप्त्यासह महिन्याला 66 हजार लागतात. त्याची स्वतःची बचत साडेतीन महिने पुरेल. आपले 5 लाख ठेवीत राहिले, तर एकूण काळ अकरा महिन्यांवर जातो. पगार थांबला, तर त्या काळात मुलाला पडेल ती नोकरी धरावी लागणार नाही. बदलत्या व्याजदराच्या घरकर्जावर मुदतपूर्व परतफेडीचे शुल्क लागत नाही, त्यामुळे नोकरी स्थिर झाल्यावर हीच रक्कम केव्हाही भरता येईल.

आपण स्वतः याच आठवड्यात करण्यासारखे काम विम्याचे आहे. कंपनीचे गट विमा संरक्षण बहुधा नोकरीच्या शेवटच्या दिवशी संपते आणि नव्या पॉलिसीत मधुमेहासारख्या आधीच्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावे लागू शकते. गट विम्यातून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याची सोय आहे आणि त्यात आधी काढलेल्या वर्षांचे श्रेय मिळते. मात्र अर्ज संरक्षण संपण्यापूर्वी करावा लागतो. वय आणि प्रकृती पाहून विम्याचा हप्ता बराच वाढेल, हे गृहीत धरून ती रक्कम वरच्या 66 हजारांत मिळवून पुन्हा हिशेब करावा. मुलाकडून गट पॉलिसीचा क्रमांक आणि सदस्य कार्डाची प्रत मागवून घ्यावी, आणि आपल्या दोघांना वैयक्तिक पॉलिसीत कसे जाता येईल, याची विमा कंपनीकडे लेखी चौकशी करावी.