सपोर्ट दोन मीटर सरकला आणि सगळी आकृतीच बदलली: वाचकांची प्रश्नोत्तरे

प्रश्न: आठ मीटरचा बीम. डाव्या टोकाला A हिंज, तिथून 6 मीटरवर B रोलर, आणि पुढे C पर्यंत 2 मीटर ओव्हरहँग. AB वर 10 kN/m यूडीएल, C वर 12 kN. मी रिअ‍ॅक्शन काढल्या 37.5 आणि 34.5. बेरीज 72, म्हणजे एकूण भाराएवढीच. बीएमडीसुद्धा शेवटी शून्यावर आला. मग सर म्हणतात सगळंच चुकलं, ते कसं?
(द्वितीय वर्ष, स्थापत्य)

सरांचं बरोबर आहे. तुम्ही A भोवती मोमेंट घेताना R_B ला 6 ऐवजी 8 ने गुणलंय, म्हणजे रोलर B वरून उचलून C च्या टोकाला नेऊन ठेवलाय. 276 भागिले 8 म्हणजे 34.5, तुमचाच आकडा. सवय नडते ती अशी: पहिल्या युनिटमध्ये आपण इतके सिंपली सपोर्टेड बीम सोडवतो की आधार म्हटला की हात आपोआप टोकाकडे जातो.

खरं गणित असं आहे:

```
R_B × 6 = (10 × 6 × 3) + (12 × 8) = 276
R_B = 46 kN
R_A = 72 − 46 = 26 kN
```

आता तुम्हाला खटकलेली गोष्ट. बेरीज जुळली, कारण R_A तुम्ही 72 मधून R_B वजा करूनच काढली. ती जुळणारच होती, त्यात तपासणी कसली? आणि आकृती शून्यावर आली, कारण तुम्ही एका वेगळ्याच बीमचं गणित सुरुवातीपासून शेवटपर्यंत इमानदारीने सोडवलंत. दोन्ही टोकांना आधार असलेल्या 8 मीटरच्या बीमसाठी तुमची आकृती अगदी बरोबर आहे. फक्त तो बीम प्रश्नपत्रिकेत नव्हता.

दोन आकृत्या शेजारी ठेवून बघा. तुमच्या आकृतीत मोमेंट सगळीकडे धन आहे. A पासून 3.75 मीटरवर तो 70.3 kN·m पर्यंत चढतो, B पाशी 45 असतो आणि C ला शून्य. खऱ्या आकृतीत सर्वांत मोठा धन मोमेंट 2.6 मीटरवर येतो, तोही फक्त 33.8. पुढे 5.2 मीटरवर आकृती रेषा ओलांडून खाली जाते (हाच काँट्राफ्लेक्शरचा बिंदू), B वर −24 होते आणि C पर्यंत सरळ रेषेत शून्यावर येते.

काही मुलं यावर म्हणतात, आमचा आकडा मोठा आला, म्हणजे डिझाइन सेफ साइडलाच गेलं. नाही गेलं. B वर तुम्ही म्हणता सॅगिंग 45, प्रत्यक्षात तिथे हॉगिंग 24 आहे. म्हणजे काँक्रीटच्या बीममध्ये ताण वरच्या अंगाला आणि तुमच्या सळ्या खालच्या अंगाला. खाली दुप्पट लोखंड भरलं तरी B च्या डोक्यावर पडणारी भेग त्याने थांबत नाही.

ही चूक आकृतीतच दिसते, फक्त बघायला हवं. आधाराची रिअ‍ॅक्शन हा पॉइंट लोडच असतो, आणि पॉइंट लोडखाली बीएमडीला कोपरा पडलाच पाहिजे. खऱ्या आकृतीत B च्या डावीकडे उतार −34 आहे, उजवीकडे +12. फरक 46, म्हणजे नेमकी R_B. तुमच्या आकृतीत B पाशी पॅराबोला अलगद सरळ रेषेत मिसळतो, दोन्ही बाजूंना उतार −22.5. जिथे रोलर आहे तिथे कोपरा नाही, तर तुमच्या गणितात तिथे रोलरच नाही.

प्रश्न: असंच गणित. माझ्या रिअ‍ॅक्शन 26 आणि 46 बरोबर आल्या, एसएफडीसुद्धा शून्यावर बंद झाला. पण बीएमडी C ला −92 वर अडकला. तीनदा बघितलं, चूक सापडत नाही.
(डिप्लोमा)

तुमची चूक पहिल्या प्रश्नातल्यापेक्षा सौम्य आहे, कारण ती लपत नाही. 92 ला 46 ने भागा. उत्तर 2 मीटर. म्हणजे 46 ची रिअ‍ॅक्शन काढताना बरोबर जागी होती, पण आकृती काढताना तुम्ही ती B ऐवजी C ला लावलीत, तिच्या जागेपासून 2 मीटर दूर. C वरच लावल्यामुळे तिथला मोमेंट घेताना तिचा लिव्हर आर्म शून्य झाला आणि ती हिशोबातून गळाली: 26 × 8 − 60 × 5 = −92.

हा भागाकार हाताशी ठेवण्यासारखा आहे. बीएमडी बंद होत नसेल तर उरलेला आकडा एकेका रिअ‍ॅक्शनने भागून बघा. उत्तर बीमवरच्या एखाद्या ओळखीच्या अंतराइतकं आलं, तर कोणता आधार कुठे सरकला ते कळतं. दोन रिअ‍ॅक्शनची अदलाबदल झाली असेल तर शेवटी +120 उरेल, कारण 46 आणि 26 मधला फरक 20 आणि आधारांमधलं अंतर 6. भार विसरला असेल किंवा यूडीएलचा मध्य चुकला असेल तर मात्र हा नेम लागेलच असं नाही.

एसएफडीवर विसंबू नका. शिअर फोर्स फक्त बेरीज-वजाबाकी करतो, त्याला अंतराशी देणंघेणं नाही. तुमच्या एसएफडीत B नंतर −34 तसाच C पर्यंत जातो, तिथे 46 चढतात, 12 उतरतात आणि शून्य येतं. दिसायला निर्दोष. त्याचं क्षेत्रफळ मात्र मोजा. बरोबर एसएफडीत 33.8 धन, 57.8 ऋण आणि ओव्हरहँगचे 24 धन, मिळून शून्य. तुमच्यात 33.8 − 57.8 − 68 = −92. या बीमवर बाहेरून लावलेला मोमेंट नाही, म्हणून क्षेत्रफळांची बेरीज शून्यच यायला हवी. प्रश्नात एखादा कपल दिलेला असेल तर ती शून्य येणार नाही, कपलएवढी येईल.

प्रश्न: B वर मोमेंट ऋण म्हणजे C टोक खाली झुकणार ना? मी उत्तर तपासायला आधी वाकलेल्या बीमचं चित्र काढतो.

चित्र काढण्याची सवय चांगलीच, पण या बीममध्ये ती तुम्हाला चकवेल. इथे C टोक खाली जात नाही, किंचित वर उचललं जातं. AB वरचा भार मधला भाग दाबतो, त्यामुळे B पाशी बीम तराजूच्या दांडीसारखा फिरतो आणि ओव्हरहँग वर जातो. C वरचे 12 kN त्याला खाली ओढतात, पण ती ओढ कमी पडते. मोमेंटचं चिन्ह वक्रता सांगतं, उंची नाही. B च्या आसपास बीम उलट्या वाटीसारखा वाकलेला असतो, हॉगिंग एवढंच सांगतं.

म्हणून चित्रात टोक वर की खाली याची काळजी सोडा. B पासून C पर्यंतचा तुकडा कापून हातात धरा. त्यावर खाली ओढणारे 12 kN सोडून दुसरं काहीच नाही. मग B वर मोमेंट −12 × 2, म्हणजे −24 सोडून दुसरा काय असणार? रिअ‍ॅक्शन न काढता, तोंडी. ओव्हरहँगच्या प्रश्नात मी पेपर तपासताना आधी हा एक आकडा बघायचो. तो चुकलेला असला की मागे आधाराची जागा चुकलेली आहे हे बहुतेक वेळा निघायचंच.

प्रश्न: पुस्तकात आधार म्हणजे एक त्रिकोण, एक बिंदू. आमच्या साइटवर बीम 230 मिमी भिंतीवर बसतो. रिअ‍ॅक्शन भिंतीच्या कडेला धरू की मध्यावर?
(साइट इंजिनिअर)

सिंपली सपोर्टेड बीमसाठी IS 456:2000 मध्ये याचं सरळ उत्तर आहे: क्लिअर स्पॅनमध्ये इफेक्टिव्ह डेप्थ मिळवा, नाहीतर आधारांच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजा, आणि दोन्हींतलं जे कमी येईल तो इफेक्टिव्ह स्पॅन.

समजा दोन भिंतींमधलं मोकळं अंतर 4 मीटर आणि इफेक्टिव्ह डेप्थ 300 मिमी. पहिल्या रीतीने 4.30, दुसऱ्या रीतीने 4.23. म्हणजे 4.23 घ्यायचे. बीमवर 20 kN/m भार असेल तर मोमेंट 44.7 kN·m. तुम्ही रिअ‍ॅक्शन भिंतीच्या आतल्या कडेला धरली असती तर स्पॅन 4 मीटर आणि मोमेंट बरोबर 40 आला असता. आधार प्रत्येक बाजूला जेमतेम 115 मिमी सरकवला, आणि मोमेंट दहा टक्क्यांहून जास्त घटला. स्पॅनचा वर्ग होतो, म्हणून एवढा फरक पडतो. पहिल्या प्रश्नातल्या मुलाने आधार 2 मीटर सरकवला होता, तो लगेच डोळ्यांत भरतो. हे 115 मिमी कुणाच्याच डोळ्यांत भरत नाहीत.

कंटिन्युअस बीम आणि कँटिलिव्हर यांचे नियम वेगळे आहेत, हेच सूत्र तिकडे लावू नका.

प्रश्न: मग शंका असेल तिथे मध्ये एक जादा आधार दिला तर? जास्तीचा आधार वाईट कसा असेल?

गॅलिलिओने 1638 साली छापलेली एक गोष्ट नेमकी हीच आहे. संगमरवराचा मोठा खांब दोन टोकांना दोन लाकडी ओंडक्यांवर आडवा ठेवला होता. मध्ये मोडू नये म्हणून कुणीतरी सुचवलं, आणि मध्यावर तिसरा ओंडका सरकवला. काही महिन्यांनी खांब फुटला, तो बरोबर त्या मधल्या ओंडक्याच्या डोक्यावर. टोकाचा एक ओंडका कुजून खचला होता, मधला घट्ट राहिला होता, आणि अर्धा खांब हवेत लोंबकळत होता.

आकडे लावून बघा. खांबाची लांबी L, दर मीटरला वजन w. फक्त दोन टोकांना आधार असताना मध्यावर wL²/8 सॅगिंग. मध्ये आधार देऊन एक टोक सुटलं की अर्धा खांब कँटिलिव्हर होतो: w × (L/2)²/2, म्हणजे पुन्हा wL²/8, फक्त आता हॉगिंग. जादा आधार देऊन मोमेंट तसूभरही कमी झाला नाही, खालचा ताण वर गेला इतकंच. तिन्ही ओंडके एका पातळीत राहिले असते तर मधल्यावर मोमेंट wL²/32 एवढाच आला असता, म्हणजे चौथा हिस्सा. पण ओंडके पातळीत राहतील की नाही हे कागदावर ठरत नाही. शिवाय तीन आधार आले की रिअ‍ॅक्शन नुसत्या समतोलाच्या समीकरणांतून निघतच नाहीत. कुठला आधार किती खचतो हेही गणितात घ्यावं लागतं. दोन ओंडके असताना एक थोडा खचला, तर खांब त्याच्याबरोबर कलला असता आणि रिअ‍ॅक्शन जवळजवळ होत्या तशाच राहिल्या असत्या.