तीन खोल्यांचं आयुर्वेदिक वेलनेस सेंटर: मेन्यू, शिकवणी आणि जाहिरात

"कोल्हापूरच्या राजारामपुरीत गाळा बघितलाय, तीन खोल्या निघतील. मी वैद्य नाही, पण चांगलं आयुर्वेदिक वेलनेस सेंटर काढायचंय. मेन्यूत काय ठेवू, मुलींना कसं शिकवू आणि जाहिरातीत काय लिहू?"

ताई, आधी मेन्यू छोटा करा. अभ्यंग, वाफ, पादाभ्यंग, उटणं आणि शिरोधारा एवढ्यावर सुरुवात होते. वमन, विरेचन, बस्ती, नस्य, रक्तमोक्षण ही पंचकर्मं म्हणजे उपचार आहेत. नोंदणीकृत वैद्य स्वतः बसत नसतील, तर 'पंचकर्म' हा शब्द पाटीवरही नको.

प्रत्येक ओळीचा दर ठरवण्याआधी तिला किती तेल आणि किती वेळ लागतो ते मांडून बघा. शिरोधारेचंच घ्या. एका माणसाला दीड-दोन लिटर तेल लागतं. साधं तिळाचं तेल लिटरला तीन-चारशे धरलं, तरी साडेचारशे ते आठशे रुपये तिथेच गेले. औषधी तेल याहून महाग. धार चाळीस मिनिटांची असली, तरी आधीची विचारपूस, डोक्याची हलकी मालीश, नंतरची विश्रांती, केस धुणं आणि द्रोणी, म्हणजे झोपायचा पाट, पुसणं धरून खोली दोन तास अडकते. म्हणजे एका खोलीत दिवसाला चार जणं, फार तर पाच. एखादीकडे शिरोधारा आठशे रुपयांत मिळत असेल, तर तेच तेल दुसऱ्याच्या डोक्यावर जातंय की काय, असं विचारायला हवं. एकाचं तेल दुसऱ्याला कधीही नाही. सलग दिवस येणाऱ्याचं तेल गाळून, नाव आणि तारीख लावून त्याच्यासाठीच ठेवता येतं. मी तीन दिवसांनंतर ते टाकून देते. हा दर परवडत नसेल तर शिरोधारा काढून टाका, पादाभ्यंगावर केंद्र छान चालतं.

औषधी तेल घरी उकळून विकू नका, त्याला उत्पादनाचा परवाना लागतो. परवाना क्रमांक, बॅच आणि मुदत छापलेली बाटली घ्या. गिऱ्हाईकाला ती दाखवायचीसुद्धा.

आता शिकवणी. आपल्याकडे मालीश म्हटलं की तालमीतली रगड डोळ्यांसमोर येते आणि गिऱ्हाईकही "जरा जोरात" म्हणतं. अभ्यंगात दाब मध्यम असतो, हातापायांवर लांब हात आणि सांध्यांवर गोल. म्हणून प्रत्येक मुलीने आधी स्वतः पाटावर झोपून अभ्यंग घ्यावा, मग एकमेकींना द्यावा. शिरोधारा पहिल्यांदा कोमट पाण्याने शिकवा. धारापात्र कपाळापासून चार बोटं वर, डोळ्यांवर कापूस, आणि धार एका भुवईपासून दुसरीपर्यंत संथ फिरली पाहिजे. तेल गार होऊ लागलं की ते दाटतं, धार बारीक होते, मधेच तुटते. मुलीला ही खूण कळली पाहिजे. तेल गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून कोमट करायचं, थेट आचेवर नाही. मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब घेऊन बघायचं, जोडीला थर्मामीटर ठेवायचा, अंगाच्या उष्णतेपेक्षा थोडं जास्त पुरे.

सगळ्यात जास्त वेळ 'नाही' म्हणायला शिकवण्यात घाला. ताप, भरल्या पोटी आलेला माणूस, ताजी दुखापत, त्वचेचा संसर्ग यांना परत पाठवायचं. एकाच पोटरीला सूज आणि दुखणं असेल तर हात लावायचा नाही, कारण आत रक्ताची गुठळी असू शकते आणि मालीशने ती सुटू शकते. अशांना लगेच डॉक्टरकडे पाठवा. गरोदर बाई, हृदयविकार किंवा रक्तदाबाचा रुग्ण यांना डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही द्यायचं नाही, वाफ तर नाहीच. जुन्या मधुमेहींच्या पायाला बऱ्याचदा गरम कळत नाही, भाजलं तरी ते बोलत नाहीत. हे प्रश्न छापील कागदावर घ्या आणि खाली सही. बाईला बाई आणि पुरुषाला पुरुष हा नियम पहिल्या दिवसापासून ठेवा. कॅमेरा फक्त बाहेरच्या खोलीत.

तेलकट टॉवेल गरम पाण्यात दोनदा धुवा आणि ड्रायरमधून काढल्यावर ढीग करून ठेवू नका. तेल राहिलेला गरम ढीग आपोआप पेटू शकतो.

जाहिरातीबाबत मी कडक आहे. १९५४ चा औषधे व जादुई उपाय कायदा मधुमेह, स्थूलपणा, पक्षाघात, संधिवात, रक्तदाब अशा यादीतल्या आजारांवर उपचाराचा दावा करणाऱ्या जाहिरातींना मनाई करतो. उटण्याने वजन घटतं असं लिहू नका. वाफेनंतर काट्यावर कमी दिसतं ते घामाचं पाणी, दोन तांबे प्यायल्यावर परत येतं. 'शरीरातली विषं बाहेर काढतो' हेही नको, ते तुम्ही दाखवू शकत नाही. लिहा असं: "अभ्यंग, एक तास. कोमट तीळ तेल. नंतर वाफ दहा मिनिटं. अंग मोकळं वाटतं, थकवा उतरतो. आजारावरचा उपचार नाही." खाली पूर्ण दर टाका. फोटो तुमच्याच खोलीचे, तुमच्याच मुलींचे, त्यांना विचारून. चांगल्या अभिप्रायाच्या बदल्यात सूट देऊ नका. आणि फोनवर कुणी "माझी गुडघेदुखी बरी होईल का?" विचारलं, तर उत्तर "नाही सांगता येत, आधी डॉक्टरांना दाखवा" हेच. फोन घेणाऱ्या मुलीकडून हे वाक्य पाठ करून घ्या.