टार्गेटच बदललं, आता मिड-इयर रिव्ह्यू कसा घ्यायचा?

प्रश्न: टीममधल्या एकीला वर्षाला ६० नवीन कस्टमर आणायचं टार्गेट होतं. पाचवा महिना संपता संपता वरून आलं की नवीन नको, आता जुने टिकवा. तिने २२ आणलेत. पुढच्या आठवड्यात रिव्ह्यू आहे. ६० चं ३० करून टाकू का?

उत्तर: ६० खोडून ३० अजिबात करू नका. जुनं गोल आहे तसंच ठेवा आणि निर्णय आला त्या तारखेला ते बंद करा. नाहीतर वर्षअखेरीला रेटिंगच्या मीटिंगमध्ये ज्याला यातलं काही माहीत नाही असा माणूस ६० पैकी २२ एवढंच वाचतो, आणि तिथे तुम्ही तोंडी कितीही समजावलं तरी कागदावरचा आकडाच धरला जातो.

बंद करताना २२ ची तुलना ६० शी नाही, पाच महिन्यांच्या प्लॅनशी करायची. सरळ भागाकार केला तर २५ येतात, पण सुरुवातीचे महिने स्लो असतात म्हणून तुमच्या प्लॅनमध्ये तोवर २० च धरले असतील तर ती पुढे आहे. आणि प्लॅन ३० चा असेल तर ती मागे होती, तेही तसंच लिहा, प्रायोरिटी बदलली म्हणून ते झाकायचं नाही. या गोलला ५० टक्के वेटेज असेल तर झालेल्या कामासाठी साधारण २० ठेवा, उरलेले ३० नव्या गोलला.

नवं गोल ठरवताना खरी गडबड होते. "९० टक्के रिन्युअल" असं लिहून मोकळे होतात लोक. आधी यादी काढा, उरलेल्या सात महिन्यांत कुणाकुणाचं कॉन्ट्रॅक्ट संपतंय. समजा ८० आहेत, त्यातले १० याच महिन्यात संपतायत, तर त्यांचा निर्णय कस्टमरने केव्हाच घेतलेला असतो, ते तिच्या माथी मारू नका. उरले ७०. सध्या १०० पैकी ७५ टिकत असतील तर ७० पैकी ५६, म्हणजे ८० टक्के, हे पहिल्या वर्षासाठी ठीक आहे, कारण हे कस्टमर तिच्या ओळखीचे नाहीत आणि पहिला महिना नुसता समजून घेण्यात जाणार.

मीटिंगमध्ये तिला आधी हे विचारा की अर्धवट बोलणी कुणाकुणाशी चालू आहेत. हा प्रश्न राहिला की ती मंडळी फोन करत राहतात, ती बिचारी नाही कसं म्हणणार, मग नव्या गोलसोबत जुनंही काम गुपचूप चालू राहतं आणि दोन महिन्यांनी रिन्युअल का हलत नाही ते तुम्हाला कळत नाही. म्हणून प्रत्येक नावापुढे तिथेच लिहा: पूर्ण करायचं, दुसऱ्याकडे द्यायचं की थांबवायचं.

इन्सेन्टिव्ह नवीन कस्टमरवर असेल तर मीटिंगच्या आधी तुमच्या बॉसकडून आणि एचआरकडून पक्कं करून घ्या की रिन्युअलवर काय मिळणार, कारण ती हे विचारणारच आणि "बघू" म्हणालात तर ती जुन्याच कामाकडे वळेल, आणि त्यात तिचं काही चुकलं असं मी तरी म्हणणार नाही. त्याच दिवशी सगळं मेलवर पाठवा, सिस्टीममध्येही दोन्ही गोल वेगवेगळे दिसतायत ना ते स्वतः उघडून बघा.