एएमएच कमी असताना आयव्हीएफमध्ये इंजेक्शनचा कमी डोस का, आणि डोनर एगचं कधी बोलतात?

वय 38, एएमएच 0.6. रोज 300 युनिट घेऊन दोनच बीजं मिळाली. आता डॉक्टर कमी डोस म्हणतात. पुढे डोनर एग का?

डोस वाढवून बीजं वाढतीलच असं नाही, ताई. त्या महिन्यात जेवढे फॉलिकल, म्हणजे बीजाच्या पिशव्या, तयार असतात, तेवढेच इंजेक्शनने वाढतात. पाळीच्या दुसऱ्या दिवशी सोनोग्राफीत चारच दिसले, तर लेट्रोझोलच्या गोळ्या आणि 150 युनिटवरही साधारण तेवढीच बीजं मिळतात, खर्च मात्र वाचतो.

डोनरचा विषय एकट्या एएमएचवरून काढू नये, हे माझं ठाम मत. एएमएच बीजांच्या साठ्याचा अंदाज देतं, बीजाचा दर्जा मात्र मुख्यतः वयावर ठरतो. बीजंच मिळेनाशी झाली, भ्रूण वारंवार तिसऱ्या दिवसानंतर वाढेनासे झाले किंवा वय 42-43 च्या पुढे गेलं, की डॉक्टर तो सहसा काढतात. तुमची एकच सायकल झाली आहे. भ्रूणांचा रिपोर्ट मागून घ्या.