अंतर्दशेतला 'अंतर्' आणि विदशेचे दिवस

प्रश्न: अंतर्दशा म्हणजे दोन दशांमधलं अंतर का? आणि प्रत्यंतर म्हणजे 'प्रत्यंतर आलं' मधलंच का? लग्नाचे महिने यातून कसे काढतात?

नाही, हा अंतर् म्हणजे 'आत', अंतर्मन अंतर्गत मधला, म्हणून लिहिताना द वर रफार येतो, 'अंतरदशा' चूक. महादशा म्हणजे एका ग्रहाच्या अमलाचा मोठा काळ, तिच्या पोटातली दशा ती अंतर्दशा. प्रत्यंतर म्हणजे प्रति + अंतर, प्रत्येक अंतर्दशेच्या आत पुन्हा एक, 'पुरावा मिळाला' हा अर्थ इथे नाही. आपल्याकडचे बरेच ज्योतिषी या प्रत्यंतर दशेला विदशा म्हणतात, मला तोच शब्द आवडतो कारण गोंधळच होत नाही.

आता महिने. विंशोत्तरी दशापद्धतीत गुरूची महादशा 16 वर्षं, शुक्राची 20, रवीची 6. दोन ग्रहांच्या वर्षांचा गुणाकार करून 10 ने भागलं की अंतर्दशेचे महिने मिळतात, म्हणजे गुरूत शुक्र 16 गुणिले 20 म्हणजे 320, भागिले 10, 32 महिने. विदशेसाठी तिन्ही आकडे गुणायचे आणि 40 ने भागायचं, उत्तर दिवसांत येतं.

समजा कुंभ लग्न आहे. गुरू धनेश आणि लाभेश, शुक्र विवाहाचा कारक, रवी सप्तमेश म्हणजे विवाहाच्या सातव्या स्थानाचा स्वामी. मग 16 वर्षांतून आधी शुक्राचे 32 महिने धरायचे आणि त्यात रवीची विदशा बघायची. पहिली विदशा शुक्राची स्वतःची, 160 दिवस, लगेच पुढची रवीची, 48 दिवस. अंतर्दशा 10 मार्चला लागली असेल तर 17 ऑगस्ट ते 4 ऑक्टोबर हा काळ हाती येतो आणि मग त्यात गोचर म्हणजे त्या वेळी आकाशात फिरणारा गुरू सप्तमाला अनुकूल आहे का ते बघतात.

पण इथेच लोक फसतात, कारण विदशा जन्मवेळेला फार नाजूक असते. चंद्राला एक नक्षत्र ओलांडायला साधारण एक दिवस लागतो, आणि जन्म शततारकेचा असेल तर त्या एका दिवसात राहूची 18 वर्षं बसवलेली असतात, म्हणजे वेळेत 1 मिनिटाची चूक झाली की पुढच्या सगळ्या तारखा साधारण साडेचार दिवस सरकतात. 10 मिनिटं चुकली तर 45 दिवस, म्हणजे आपले ते 48 दिवस जवळजवळ पूर्ण हातचे गेले! अंतर्दशा मात्र 32 महिन्यांची, ती एवढ्याने फारशी हलत नाही.

दुसरी भानगड वर्षाची. कुणी 360 दिवसांचं वर्ष धरतं कुणी 365.25 चं, वयाच्या पंचविशीला हा फरक 131 दिवसांचा होतो. त्यामुळे दोन सॉफ्टवेअरच्या तारखा चार महिन्यांनी वेगळ्या आल्या तर आधी सेटिंगमधलं वर्ष बघा. आणि ज्यांची जन्मवेळ 'सकाळी साडेनऊच्या सुमारास' अशी आहे त्यांनी आधी होऊन गेलेल्या दोनतीन पक्क्या तारखा, नोकरी लागली ती, घर बदललं ती, विदशेला जुळतात का ते तपासावं, नाही जुळल्या तर अंतर्दशेपाशीच थांबावं.