हिजरी वय आणि सौर वय: ९१ की ८८?

प्रश्न: "औरंगजेब मेला तेव्हा एका पुस्तकात त्याचं वय ९१ दिलंय, दुसऱ्यात ८८. दोन्ही पुस्तकं चांगली आहेत. खरं कुठलं? आणि हिजरी हिशोबात वय असं पुढे पुढे का पळतं? माझं स्वतःचं हिजरी वय काढायचं असेल तर कसं काढू?"

दोन्ही खरी आहेत. माणूस तेवढेच दिवस जगला, फक्त ते मोजायला एकाने आखूड वर्ष वापरलं आणि दुसऱ्याने लांब. पण नुसतं एवढं सांगून भागणार नाही, म्हणून औरंगजेबाचाच हिशोब मांडून दाखवतो.

जन्म १५ जिल्काद १०२७, मृत्यू २८ जिल्काद १११८. हिजरी तारखांत वजाबाकी अगदी सरळ होते: १११८ वजा १०२७ म्हणजे ९१ वर्षं, वर १३ दिवस. आता याच दोन घटनांच्या इंग्रजी तारखा बघा. जन्म ३ नोव्हेंबर १६१८, मृत्यू ३ मार्च १७०७. म्हणजे ८८ वर्षं आणि ४ महिने. फरक जवळजवळ पावणेतीन वर्षांचा आला.

दोन्हीकडचे दिवस मोजले की शंका फिटते. ३ नोव्हेंबर १६१८ ते ३ मार्च १७०७ या काळात ३२,२६१ दिवस भरतात. (मध्ये १७०० साल आहे. ते चारने भाग जात असूनही ग्रेगोरियन पद्धतीत लीप वर्ष नाही, त्यामुळे हाताने मोजताना तिथे एक दिवस हमखास जास्त धरला जातो.) दुसऱ्या बाजूने, बारा चांद्र महिन्यांचं वर्ष सरासरी ३५४.३६७ दिवसांचं असतं. त्याची ९१ पट करा, १३ मिळवा, उत्तर येतं ३२,२६० आणि थोडं. दोन वेगळ्या पंचांगांतून निघून आपण एका दिवसाच्या आत येऊन भेटलो. तारखा आपापल्या जागी बरोबर असल्याची याहून चांगली खूण नाही.

आता वर्ष आखूड का, ते. हिजरी महिना चंद्रकोर दिसली की सुरू होतो आणि पुढची कोर दिसली की संपतो. एका अमावास्येपासून दुसरीपर्यंत सरासरी २९.५३ दिवस जातात, त्यामुळे महिना कधी २९ चा, कधी ३० चा. असे बारा महिने म्हणजे ३५४ दिवस आणि वर तिसऱ्या हिश्श्याहून थोडा जास्त दिवस. ऋतूंचं चक्र मात्र पुरं व्हायला ३६५.२४ दिवस घेतं. दरवर्षी पावणेअकरा दिवसांच्या थोडं वर अंतर पडतं. इथे चंद्र "वेगाने" फिरतो वगैरे काही नाही. बारा चांद्र महिने सूर्याच्या वर्षात बसतात आणि वर जागा उरते, पण तेरावा महिना मावेल इतकी ती उरत नाही.

हे अंतर आपल्या पंचांगातही पडतं, कारण चैत्र-वैशाख हेही चांद्र महिनेच. मग आपलं वय का पळत नाही? कारण आपण अधिक महिना घालतो. साधारण साडेबत्तीस महिन्यांत एका महिन्याएवढं अंतर साचतं, तेव्हा एक महिना जास्तीचा येतो आणि हिशोब परत सूर्याला जुळतो. म्हणूनच तिथीने केलेला वाढदिवस इंग्रजी तारखेच्या मागेपुढे झुलत राहतो, पण वर्षांचा आकडा दोन्हीकडे एकच राहतो.

हिजरीत अधिक महिना नाही, आणि तो विसरून राहिलेला नाही, मुद्दाम बंद केलेला आहे. इस्लामपूर्व अरबस्तानात महिने पुढेमागे सरकवण्याची 'नसी' नावाची प्रथा होती. कुराणाच्या नवव्या सुऱ्यात वर्षाचे महिने बाराच असं सांगून नसीचा निषेध केला आहे, आणि हिजरी १० मधल्या पैगंबरांच्या अखेरच्या हजच्या प्रवचनातही तो मुद्दा येतो. तेव्हापासून साचलेलं अंतर कोणी भरून काढत नाही. ते साचतच जातं. आपल्याकडे साडेबत्तीस महिन्यांत एक महिना साचतो म्हटलं ना, मग त्याच्या बारा पट काळात, म्हणजे साडेबत्तीस सौर वर्षांत, बारा महिने साचणार हे उघड आहे. हिजरी वयात एक अख्खं वर्ष जास्तीचं पडतं ते याच हिशोबाने.

आता तुमचं वय. अचूक जन्मतारीख हाताशी असेल तर जन्मापासून आजपर्यंतचे दिवस मोजा आणि ३५४.३६७ ने भागा, झालं. अंदाजाने चालणार असेल तर सौर वयाला १.०३ ने गुणा. उलट जायचं असेल तर हिजरी वयाला ०.९७ ने गुणा. मला स्वतःला तिसरी रीत सोपी वाटते: झालेल्या प्रत्येक सौर वर्षामागे १०.८७५ दिवस बाजूला काढायचे. चाळीस पूर्ण झालेल्या माणसाचे असे ४३५ दिवस जमतात. त्यातून एक चांद्र वर्ष निघालं, उरले ऐंशी-एक्याऐंशी दिवस. म्हणजे चाळिसाव्या वाढदिवशी त्याचं हिजरी वय ४१ वर्षं आणि पावणेतीन महिने.

तेहतिसावा वाढदिवस यात गमतीचा आहे. ३३ सौर वर्षांचे दिवस होतात १२,०५३ आणि ३४ चांद्र वर्षांचे १२,०४८ च्या आसपास. म्हणजे ज्याला त्याला हिजरीने चौतिसावं पूर्ण होतं ते इंग्रजी तेहतिसाव्या वाढदिवसाच्या चार-पाच दिवस आधी. हिजरी वाढदिवस तोपर्यंत सगळे ऋतू उलटे फिरून जवळपास मूळ तारखेला आलेला असतो.

मोगलांच्या दरबारात हे दोन्ही वाढदिवस साजरे व्हायचे. अकबराची तुला वर्षातून दोनदा होई, सौर वाढदिवसाला बारा वेगवेगळ्या वस्तूंनी आणि चांद्र वाढदिवसाला आठ वस्तूंनी. त्यामुळे मोगल साधनांत "अमुकाव्या वर्षी" असं वाचलं की आधी विचारायचं, कुठल्या वर्षाने? फारसी बखरकार बहुतेक चांद्र वर्ष धरतात. इंग्रजीतून लिहिणारे त्याचं सौर करून घेतात, आणि कधी कधी करायचं विसरतात. तुमच्या दोन पुस्तकांतला फरक याच वाटेने आलेला असणार.

आणखी काही ठिकाणी पाय घसरतो. पहिलं, हिजरी सन इसवीत आणायचं सूत्र (०.९७ ने गुणून ६२२ मिळवा) वयाला लावायचं नसतं. ६२२ हा सनाचा आरंभ आहे, वयाशी त्याचा संबंध नाही. हसू नका, लोक करतात. दुसरं, इंग्लंडमध्ये १७५२ पर्यंत जुनं ज्युलियन कॅलेंडर चालू होतं, त्यामुळे काही पुस्तकांत औरंगजेबाचा जन्म २४ ऑक्टोबर १६१८ आणि मृत्यू २० फेब्रुवारी १७०७ असा दिसेल. त्या तारखा चूक नाहीत, पण जन्म एका पद्धतीतला आणि मृत्यू दुसऱ्या पद्धतीतला घेतलात तर दहा-अकरा दिवस गायब होतील किंवा उपटतील. तिसरं, हिजरी दिवस सूर्यास्ताला सुरू होतो आणि महिना चंद्रदर्शनावर ठरतो. त्यामुळे एखाद-दुसऱ्या दिवसाचा फरक नेहमीच राहणार. गणिती हिजरी कॅलेंडर ३० वर्षांत ११ वर्षं ३५५ दिवसांची धरतं आणि सरासरी नीट सांभाळतं, पण त्या विशिष्ट गावात त्या संध्याकाळी कोर दिसली होती का, हे त्याला ठाऊक नसतं. वर आपला हिशोब एका दिवसाच्या आत जुळला त्यावरच समाधान मानायचं, त्याहून बारीक उत्तराच्या मागे लागू नये.

गणित आंधळेपणाने कुठे लावू नये याचंही एक उदाहरण देतो. पैगंबरांचं वय मृत्यूसमयी ६३ होतं अशी परंपरा आहे. कोणीतरी ०.९७ ने गुणून "म्हणजे खरं ६१" असं ठामपणे सांगतं. पण त्यांच्या आयुष्याचा बहुतेक भाग नसी बंद होण्याच्या आधीचा. त्या काळात महिने किती आणि कसे सरकवले जात होते यावर अभ्यासकांचं एकमत नाही. मग ती ६३ वर्षं सगळी शुद्ध चांद्र होती असं धरून चालता येत नाही.

आकडा नुसता कुतूहलाचा नसतो हेही लक्षात ठेवा. शरियतच्या बहुतेक संप्रदायांत वयात येण्याची शारीरिक लक्षणं दिसली नाहीत तर १५ वर्षांची मर्यादा धरतात, आणि ती चांद्र वर्षं असतात. सौर हिशोबाने ती १४ वर्षं आणि साडेसहा महिन्यांनंतर लगेच पूर्ण होते. पंधराव्या इंग्रजी वाढदिवसाची वाट बघणारा पाच महिने उशिरा पोचतो.

जाता जाता, मराठी कागदपत्रं वाचणार असाल तर उपयोगी पडेल असं एक. आपल्या जुन्या पत्रांत 'छ' लिहून पुढे येणारी तारीख चंद्राची असते: छ ५ रज्जब, छ १२ साबान अशी. पण त्याच पत्रातला शुहूर सन मात्र सौर असतो, मृग लागला की तो बदलतो. शुहूर सन इ.स. १३४४ मध्ये हिजरी ७४५ शी जुळवून सुरू झाला, आणि त्यानंतर दोघे आपापल्या चालीने गेले. २०२४ च्या जुलैत हिजरी १४४६ लागलं तेव्हा शुहूर १४२५ चालू होता. ६८० सौर वर्षांत २१ वर्षांचं अंतर. ६८० ला ३२.५ ने भागून बघा.