'साठी' तर तक्त्यातच नाही!

"मॅडम, मुलगा आठवीत आहे. विभक्तीचा तक्ता झोपेतून उठवून विचारला तरी म्हणतो, पण समास आला की विग्रह चुकतो आणि तत्पुरुषात विभक्ती काहीतरी ठोकून देतो. घरी आम्ही मराठीच बोलतो. लक्षच नाहीये का त्याचं?"

सहामाहीचे पेपर घरी आले की नौपाड्यातल्या माझ्या छोट्या खोलीत ही तक्रार हमखास येते, फक्त आई बदलते. मी मार्क विचारत नाही, आधी वही मागते. माझं एक ठाम मत आहे, मूल चुकतं तेव्हा उगाच नाही चुकत, त्याचा स्वतःचा एक नियम असतो, तो आपल्याला शोधावा लागतो.

या मुलाचा नियम दोन पानांत सापडला. पोळपाट म्हणजे पोळीचा पाट, षष्ठी. वाटखर्च, वाटेचा खर्च, षष्ठी. जन्मखोड, जन्माची खोड, षष्ठी. तोंडपाठला चा-ची-चे बसेना म्हणून तो सोडूनच दिलेला.

"सगळीकडे षष्ठीच का रे?"

"चा-ची-चे कुठेही बसतं ना, मावशी."

खरंय की! मराठीत षष्ठी कुठल्याही दोन नामांना चिकटते, आणि समासात तर प्रत्यय गळूनच गेलेला असतो, मग मूल हाताला येईल तो चिकटवणारच. पण दुसऱ्या दिवशी तो जे बोलला ते मी अजून विसरले नाहीये. वही पुढे सरकवून, थोडा रागावूनच म्हणाला, "पुस्तकात लिहिलंय पोळीसाठी पाट, चतुर्थी. पण चतुर्थीचे प्रत्यय स, ला, ना, ते. साठी तर तक्त्यातच नाही! मला वाटलं छापताना चुकलंय."

आई म्हणाली, बघा, उलट बोलतो. मी म्हटलं, ताई थांबा, हा प्रश्न बरोबर आहे. साठी हा विभक्तीचा प्रत्यय नाहीच, ते शब्दयोगी अव्यय आहे. चोरभय म्हणजे चोरापासून भय, त्यातलं पासूनही तसंच, पंचमीचे प्रत्यय ऊन आणि हून एवढेच. मग विभक्ती ठरते कशावरून? त्याच तक्त्यात शेवटी एक रकाना असतो, कारकार्थाचा, कर्म, करण, संप्रदान, अपादान वगैरे. यानं तो कधी पाठच केला नव्हता कारण "त्यावर प्रश्न येत नाही". आणि सगळं कुलूप तिथेच होतं.

मी दोन वाक्यं लिहून दिली. 'मी आईला पाहिलं.' 'मी आईला डबा दिला.' दोन्हीकडे ला आहे, दिसायला फरक शून्य. पहिल्यात आई हे कर्म, म्हणून द्वितीया. दुसऱ्यात डबा जिच्यासाठी दिला ती आई, म्हणून चतुर्थी. तो बराच वेळ बघत राहिला, मग हळूच म्हणाला, "म्हणजे प्रत्यय नाही बघायचा, त्याचं काम बघायचं." मी काहीच बोलले नाही, अशा वेळी मोठ्यांनी गप्प बसावं असं माझं अनुभवाचं मत आहे (आणि थोडा अभिमानही).

मग आम्ही प्रत्यय लावणं बंद केलं, आधी दुसऱ्या शब्दाला प्रश्न विचारायचा. पाट कशासाठी? पोळीसाठी, चतुर्थी. खर्च कशासाठी? वाटेसाठी, परत चतुर्थी. खोड कधीपासून? जन्मापासून, पंचमी. पाठ कशाने? तोंडाने, तृतीया. भोजन कुठे? वनात, म्हणून वनभोजन सप्तमी. आणि तलावपाळी, जिथे तो रोज संध्याकाळी भेळ खायला जातो, तिथली पाळ कोणाची? तलावाची. इथे मात्र षष्ठी खरी.

मधे एकदा त्यानं "वाटसाठी खर्च" लिहिलं. नियम न सांगता म्हटलं, मोठ्यानं वाच. "वाटसाठी... छे, वाटेसाठी." घरी वाटेत, वाटेवर बोलताना सामान्यरूप कधी चुकत नाही, वहीत उतरलं की चुकतं, म्हणून विग्रह आधी तोंडानं करून घ्या आणि मगच लिहू द्या. अजून एक, प्रश्नात संधी सोडवा आहे की समासाचा विग्रह करा तेही बोट ठेवून वाचायला लावा. विद्यालय एकच, पण संधी सोडवली तर विद्या + आलय, आणि विग्रह केला तर विद्येचे आलय. हा मार्क बरीच मुलं घाईत घालवतात.

पुढच्या चाचणीनंतर आईचा फोन आला, एकच चुकलं म्हणे, पुरणपोळी. यानं पुरणाची पोळी, षष्ठी लिहिलं. पुस्तकात आहे पुरण घालून केलेली पोळी, म्हणजे मध्यमपदलोपी, तिथे नुसता प्रत्यय नाही तर मधले अख्खे शब्दच गळालेत. मी म्हटलं त्याला फोन द्या. तो फोनवर आला आणि मी काही बोलायच्या आत म्हणाला, "मावशी, पण आजी तर पुरणाची पोळीच म्हणते."